मोजमापांच्या यादीतील शेवटचे शून्य गळते: सार्थ अंक राखून राउंड कसे करावे

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींची प्रोसेस हाऊस आहेत आणि रंगाईसाठी बोअरचे पाणी वापरायचे असेल तर त्याची तपासणी करून घ्यावीच लागते. पाण्यात लोह असले की रंगाची छटा मळकट होते आणि पाणी कठीण असले की रिअॅक्टिव्ह रंग नीट बसत नाही, त्यामुळे सॉफ्टनर लावायचा की नाही, हे या अहवालातील आकड्यांवर ठरते. अशा अहवालांच्या एक्सेल शीट तयार करताना आणि दुरुस्त करताना एक अडचण मला वारंवार भेटते. प्रत्येक वाचन तीन सार्थ अंकांपर्यंत द्यायचे, असे प्रयोगशाळेने ठरवलेले असते, तरी छापील तक्त्यात लोह ०.०५, फ्लोराइड ०.८, सल्फेट ६२ असे आकडे येतात. शेवटची शून्ये नाहीशी झालेली असतात. कोणीतरी ती हाताने पुन्हा लिहितो आणि पुढच्या नमुन्याच्या वेळी ती पुन्हा गळतात.

ही शून्ये शोभेची नाहीत. ०.८ असे लिहिले तर वाचणारा खरे मूल्य ०.७५ आणि ०.८५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, असे समजतो. ०.८०० असे लिहिले तर ते ०.७९९५ आणि ०.८००५ यांच्या दरम्यान आहे, असे आपण सांगत असतो. दोन विधानांतील फरक शंभर पटींचा आहे आणि तो केवळ दोन शून्यांवर उभा आहे.

अडचणीचे मूळ असे की एक्सेलच्या पेटीत साठवली जाते ती संख्या असते, तिचे लेखन नव्हे. ०.८ आणि ०.८०० या संख्या म्हणून एकच आहेत आणि संगणकाच्या स्मृतीत त्यांच्यात कोणताही भेद नसतो. `ROUND` हे फंक्शन कितीही अचूक वापरले तरी ते शेवटी संख्याच परत देते, म्हणून त्याच्या उत्तरात शेवटचे शून्य टिकण्याची सोयच नाही. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सार्थ अंकांसाठी `ROUNDSIG` असे वेगळे फंक्शन आहे, परंतु त्याचेही उत्तर संख्या असल्यामुळे शून्ये तेथेही दिसत नाहीत. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी, ती म्हणजे येथे कामे दोन आहेत. पहिले काम योग्य स्थानावर राउंड करण्याचे आणि दुसरे काम तो आकडा योग्य तितक्या दशांशस्थळांसह मजकूर म्हणून लिहिण्याचे. दुसरे काम पहिल्यातच आपोआप उरकेल, असे गृहीत धरल्यामुळे बहुतेक शीट बिघडतात.

बहुतेक जण प्रथम करतात तो उपाय म्हणजे संपूर्ण स्तंभाला `0.00` हा एकच नंबर फॉरमॅट लावणे. त्याने शून्ये दिसू लागतात, पण चुकीच्या ठिकाणी दिसतात. लोहाचे ०.०५००३ हे वाचन ०.०५ असे दिसते, म्हणजे त्यात एकच सार्थ अंक उरतो, आणि एकूण विद्राव्य घनपदार्थांचे १२०४.६ हे वाचन १२०४.६० असे दिसते, म्हणजे त्यात सहा सार्थ अंक होतात, जे त्या मापनपद्धतीला मुळीच पेलणारे नाहीत. दशांशस्थळे सर्वांना सारखी दिली की सार्थ अंक प्रत्येकाचे वेगळे होतात. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पेटीवर जाऊन दशांशस्थळे कमीजास्त करणे. तो त्या दिवसापुरता बरोबर ठरतो, मात्र पुढच्या नमुन्यात सल्फेट ६२ ऐवजी १३० आले की तोच फॉरमॅट चुकीचा होतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दशांशस्थळे किती, हे प्रत्येक वाचनाच्या आकारावरून सूत्रानेच ठरवले पाहिजे.

पुढील मांडणीत `B` स्तंभात मूळ वाचन आणि `C` स्तंभात हवे असलेले सार्थ अंक आहेत. सार्थ अंकांची संख्या प्रत्येक ओळीला वेगळी देण्याची सोय मी मुद्दाम ठेवतो, कारण बुरेटने मोजलेली कठीणता आणि कलरीमीटरने मोजलेले लोह यांना सारखेच अंक शोभतात असे नाही. सर्वत्र प्रचलित असलेले सूत्र असे आहे:

```
=FIXED(B2, C2-1-INT(LOG10(ABS(B2))), TRUE)
```

`LOG10` घेऊन त्याचा `INT` काढला की संख्येचा पहिला सार्थ अंक कोणत्या स्थानावर आहे ते कळते. सल्फेटच्या ६२.०४ चा लॉग १.७९ च्या आसपास येतो, त्याचा `INT` १ येतो आणि तीन सार्थ अंकांसाठी ३ − १ − १ म्हणजे एक दशांशस्थळ मिळते, म्हणून उत्तर ६२.० असे येते. लोहाच्या ०.०५००३ चा लॉग −१.३० येतो, त्याचा `INT` −२ येतो आणि ३ − १ + २ म्हणजे चार दशांशस्थळे मिळून उत्तर ०.०५०० येते. `FIXED` हे फंक्शन मजकूर परत देते, त्यामुळे शून्ये जागेवर राहतात. शेवटचा `TRUE` स्वल्पविराम टाळण्यासाठी आहे.

या ठिकाणी `INT` ऐवजी `TRUNC` वापरलेले मला अनेक शीटमध्ये आढळते. एकापेक्षा मोठ्या संख्यांसाठी दोन्ही सारखेच चालतात, त्यामुळे चूक लपून राहते. एकापेक्षा लहान संख्येचा लॉग मात्र ऋण असतो आणि `TRUNC` त्याला शून्याकडे ओढते, म्हणजे −१.३० चे −१ होते. मग लोहाचे उत्तर ०.०५० असे येते आणि एक सार्थ अंक कमी पडतो. आपल्या यादीत लहान संख्यांनाच नेमके एक शून्य कमी पडत असेल, तर पहिली तपासणी याच शब्दाची करावी.

वर दिलेल्या सूत्रात याहून खोल असा एक दोष आहे आणि हा मजकूर लिहिण्याचे मुख्य कारण तोच आहे. नायट्रेटचे वाचन ९.९९६२ आले, असे समजा. त्याचा लॉग ०.९९९८ आहे, `INT` शून्य येतो, म्हणून सूत्र दोन दशांशस्थळे ठरवते. आता ९.९९६२ दोन दशांशस्थळांपर्यंत राउंड केले की हातचा पुढे पुढे जाऊन १०.०० होतात. यात चार सार्थ अंक आहेत. उत्तर १०.० यायला हवे होते. सूत्राने स्थान मोजले ते राउंड करण्यापूर्वीच्या संख्येवर, आणि राउंड केल्यावर संख्या एका स्थानाने मोठी झाली, हे त्याला कळलेच नाही. ९९.९६ चे १००.० आणि ०.९९९७ चे १.००० याच कारणाने होतात. फ्लोराइडच्या ०.७९९६३ मध्येही हातचा पुढे सरकतो, परंतु तो पहिल्या अंकापाशी येऊन थांबतो आणि ७ चे ८ होतात, स्थान बदलत नाही, म्हणून तेथे ०.८०० हे उत्तर बरोबरच येते.

हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, कारण तीन सार्थ अंकांसाठी तो केवळ ९९९५ ते ९९९९ असे ओळीने सुरू होणाऱ्या अगदी अरुंद पट्ट्यातच उद्भवतो आणि सर्वसाधारण यादीत अशी वाचने हजारांतून एखादेच वेळी येतात. प्रयोगशाळेत मात्र तो वाटतो त्याहून अधिक वेळा येतो. उपकरणाची तपासणी करण्यासाठी जी मानक द्रावणे वापरतात, ती बहुधा १, १० किंवा १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशीच बनवलेली असतात, आणि चांगले चालणारे उपकरण १० च्या द्रावणासाठी ९.९९८ सारखे वाचन देणारच. म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या नोंदवहीतच चुकीचे अंक जास्त जमा होतात.

दुरुस्ती अशी की आधी संख्या राउंड करून वेगळ्या स्तंभात ठेवावी आणि लिहिताना स्थान त्या राउंड झालेल्या संख्येवरून पुन्हा मोजावे. `D2` मध्ये पहिली ओळ आणि `E2` मध्ये दुसरी ओळ टाकावी:

```
=ROUND(B2, C2-1-INT(LOG10(ABS(B2))))

=FIXED(D2, C2-1-INT(LOG10(ABS(D2))), TRUE)
```

९.९९६२ साठी `D2` मध्ये १० ही संख्या येते. तिचा लॉग १ आहे, म्हणून दुसरे सूत्र ३ − १ − १ म्हणजे एकच दशांशस्थळ घेते आणि `E2` मध्ये १०.० येते. दोन्ही सूत्रे एकाच पेटीत कोंबता येतात, पण मी तसे करत नाही, कारण दोन स्तंभ वेगळे ठेवले की कोणती पायरी चुकली ते डोळ्यांना दिसते.

आता मोठ्या संख्यांकडे वळू. एकूण विद्राव्य घनपदार्थांचे १२०४.६ हे वाचन तीन सार्थ अंकांत १२०० होते आणि `E2` मध्येही १२०० असेच दिसते. येथे शून्य गळलेले नाही, उलट एक शून्य जास्त आहे. पहिले शून्य सार्थ आहे, दुसरे केवळ स्थान भरण्यासाठी आहे, आणि १२०० या लेखनावरून वाचणाऱ्याला हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. दोन, तीन की चार सार्थ अंक, हे त्याने कसे ठरवावे? या प्रसंगी दहाच्या घातात लिहिणे, म्हणजे १.२० × १०³ असे लिहिणे, हाच निःसंदिग्ध मार्ग आहे. सूत्राला त्यासाठी एक अट जोडावी लागते:

```
=IF(ABS(D2)>=10^C2,
   TEXT(D2, "0."&REPT("0",C2-1)&"E+0"),
   FIXED(D2, C2-1-INT(LOG10(ABS(D2))), TRUE))
```

संख्येत जितके सार्थ अंक हवेत त्याहून अधिक पूर्णांकस्थाने असतील, तेव्हाच ही अट लागू होते. १२०४.६ साठी `1.20E+3` असे उत्तर येते. सार्थ अंक एकच हवा असेल तर या फॉरमॅटमध्ये दशांशचिन्ह एकटे लटकत राहते, म्हणून `C` स्तंभात किमान २ असावेत. क्लोराइडचे २४०.३ हे वाचन सूत्रातून २४० असे बाहेर येते आणि तीन सार्थ अंक मोजले असल्यामुळे ते बरोबर आहे, तरीही वाचणाऱ्याच्या मनात शेवटच्या शून्याविषयी शंका राहू शकते. अशा वेळी सर्व तीन अंकी संख्या घातांकात लिहिण्यापेक्षा तक्त्याच्या शीर्षकातच प्रत्येक घटकाचे सार्थ अंक किती, हे नमूद करणे मला अधिक योग्य वाटते. कारखान्यातील सुपरवायझरला २४० पटकन वाचता येते, २.४० × १०² वाचताना तो क्षणभर थांबतो.

वाचन शून्य असेल तर `LOG10` मुळे `#NUM!` अशी त्रुटी येते आणि वाचनाच्या जागी "आढळले नाही" किंवा "०.०२ पेक्षा कमी" असा मजकूर असेल तर `#VALUE!` येते. ही त्रुटी `IFERROR` लावून शून्यात बदलू नये. उपकरणाच्या शोधमर्यादेखालील वाचन म्हणजे शून्य नव्हे, आणि अहवालात ०.०० छापले तर आपण मोजलेच नाही अशा गोष्टीची हमी देऊन बसतो. मजकूर असेल तेथे तो मजकूरच जसाच्या तसा पुढे जाऊ द्यावा.

`E` स्तंभ मजकुराचा आहे, याचे परिणाम लक्षात ठेवणे आवश्यक आहे. `SUM` हे फंक्शन त्या स्तंभाकडे दुर्लक्ष करून शून्य बेरीज दाखवते आणि `AVERAGE` हे `#DIV/0!` देते. क्रमाने लावल्यास १०.० हे ९.९८ च्या आधी येते, कारण तुलना अक्षरांची होते. म्हणून सरासरी, बेरीज, मर्यादेशी तुलना, हे सर्व गणित नेहमी `B` स्तंभातील मूळ वाचनांवरच करावे आणि आलेले उत्तर शेवटी एकदाच राउंड करावे. `D` स्तंभावरूनही पुढचे गणित करू नये. लोहाचे वाचन ०.०५४४९ आहे आणि अहवालात दोन सार्थ अंक हवे आहेत, असे समजा. थेट राउंड केल्यास ०.०५४ येते. आधी तीन अंकांत राउंड केले तर ०.०५४५ होते आणि त्यावरून पुन्हा दोन अंकांत आणले तर एक्सेल ०.०५५ देते. दोनदा राउंड केल्यामुळे उत्तर बदलले.

इथपर्यंत सर्व बरोबर केले तरी शून्ये पुन्हा नाहीशी झाल्याची तक्रार येते, आणि तेव्हा दोष सूत्रात नसून फाइल पुढे पाठवण्याच्या पद्धतीत असतो. `E` स्तंभाची नक्कल करून केवळ मूल्ये दुसऱ्या शीटमध्ये चिकटवली की एक्सेल पेट्यांच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवते आणि `Convert to Number` असा पर्याय सुचवते. काम नीटनेटके दिसावे म्हणून कोणी तो पर्याय निवडला की सर्व शेवटची शून्ये एका क्षणात जातात. दुसरी वाट सीएसव्ही फाइलची आहे. सीएसव्हीत ०.८०० व्यवस्थित लिहिलेले असते, परंतु त्या फाइलवर डबल क्लिक केले की एक्सेल ती उघडतानाच प्रत्येक आकड्यासारख्या मजकुराची संख्या करून टाकते आणि ०.८ दाखवते. वर ती फाइल सेव्ह केली की मूळ फाइलमधूनही शून्ये जातात. शंका असल्यास तीच सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. तेथे शून्ये दिसत असतील तर दोष केवळ उघडण्याच्या पद्धतीचा आहे, हे निश्चित होते. अशी फाइल `Data` या मेनूतील `From Text/CSV` मधून आणावी आणि तेथील `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` निवडावे. लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडताना येणाऱ्या खिडकीत त्या स्तंभाचा प्रकार `Text` असा निवडला की काम होते.

उलट दिशेलाही एक खाच आहे. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना पेटीत दिसणारे रूपच फाइलमध्ये जाते, आतली पूर्ण संख्या जात नाही. `B` स्तंभाला दिसण्यापुरती दोन दशांशस्थळे लावलेली असतील तर लोहाच्या ०.०५००३ चे सीएसव्हीत ०.०५ होतात आणि पुढे कोणतेही सूत्र ते गेलेले अंक परत आणू शकत नाही. सीएसव्ही काढण्यापूर्वी `B` स्तंभाचा फॉरमॅट `General` करून तो स्तंभ पुरेसा रुंद करावा.

आता बरोबर मध्यावर येणाऱ्या वाचनांचा प्रश्न उरतो आणि कठीणतेच्या मापनात तो हमखास येतो. १०० मिलिलिटर नमुना ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेट केला तर बुरेटवरील वाचनाला १० ने गुणून कठीणता मिळते. बुरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात आणि दोन खुणांच्या मधले वाचन ०.०५ असे अंदाजाने घेतले जाते. म्हणजे २४.०५ मिलिलिटर लागले तर कठीणता २४०.५ येते, जी २४० आणि २४१ यांच्या अगदी मध्यावर आहे. एक्सेलचे `ROUND` अशा वेळी नेहमी शून्यापासून दूर जाते आणि २४१ देते. भारतीय मानक ब्युरोचे संख्या राउंड करण्याविषयीचे मानक आयएस २ मात्र सांगते की पुढे फक्त ५ असेल, किंवा ५ च्या पुढे शून्येच असतील, तर राखलेला शेवटचा अंक सम असल्यास तसाच ठेवावा आणि विषम असल्यास एकाने वाढवावा. त्या नियमाने उत्तर २४० येते. पाणी असो वा कापड, भारतीय मानकांच्या मजकुरात चाचणीचे अंतिम मूल्य आयएस २ प्रमाणे राउंड करावे आणि मानकातील मर्यादेत जितके सार्थ अंक आहेत तितकेच राखावेत, असे वाक्य असते. अहवालावर आयएसचा हवाला द्यायचा असेल तर हा नियम पाळणे भाग आहे.

हे एक्सेलच्या सूत्रात बसवता येते, पण सूत्र इतके गुंतागुंतीचे होते की दुसऱ्या माणसाला ते तपासता येत नाही. वाचनांची यादी मोठी असेल तर मी पायथॉनचे डेसिमल मॉड्यूल वापरण्याचा सल्ला देतो, कारण ते संख्या दशमान पद्धतीतच ठेवते आणि शेवटची शून्ये संख्येचा भाग म्हणून सांभाळते:

```python
from decimal import Context, ROUND_HALF_EVEN

def sarth(vachan, n):
    c = Context(prec=n, rounding=ROUND_HALF_EVEN)
    return str(c.create_decimal(vachan.strip()))

yadi = ["0.05003", "0.79963", "9.9962",
        "62.04", "240.5", "1204.6"]
for v in yadi:
    print(sarth(v, 3))
```

याचे उत्तर असे येते:

```
0.0500
0.800
10.0
62.0
240
1.20E+3
```

हातच्याचा प्रश्न, मोठ्या संख्येचा घातांक आणि सम अंकाचा नियम, हे तिन्ही येथे कोणत्याही अटीशिवाय सुटतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वाचन अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच द्यावे. पायथॉनची साधी दशांश संख्या द्विमान पद्धतीत साठवली जाते आणि तिच्यात २.६७५ ही संख्या प्रत्यक्षात २.६७५ हून किंचित कमी असते, त्यामुळे `round(2.675, 2)` हे २.६७ देते. एक्सेल त्याच संख्येसाठी २.६८ दाखवते. एकाच वाचनाचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसत असतील तर बहुधा कारण हेच असते. मजकूर म्हणून दिलेल्या "2.675" चे डेसिमल मॉड्यूल २.६८ करते, कारण ७ हा विषम अंक आहे.

या दोन मार्गांमध्ये आणखी एक फरक आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डेसिमल मॉड्यूलला "0.05" दिले आणि तीन सार्थ अंक मागितले तर ते ०.०५ हेच परत देते, आपल्या मनाने शून्ये जोडत नाही. एक्सेलचे सूत्र मात्र ०.०५ चे निःशंकपणे ०.०५०० करते, कारण पेटीतील संख्येवरून मूळ वाचनात किती अंक होते हे त्याला कळूच शकत नाही. कलरीमीटरच्या पडद्यावर दोनच दशांशस्थळे दिसत असतील आणि कोणी ०.०५ टंकले असेल, तर ०.०५०० छापणे म्हणजे न मोजलेले दोन अंक अहवालात घालणे होय. शून्य गळणे आणि शून्य वाढणे या दोन्ही सारख्याच गंभीर चुका आहेत, आणि पहिलीच्या दुरुस्तीच्या नादात दुसरी होऊ देता कामा नये. म्हणून वाचने नोंदवण्याचा स्तंभ आरंभापासूनच `Text` फॉरमॅटचा ठेवावा, उपकरणावर ०.०५० दिसत असेल तर ०.०५० असेच टंकावे, आणि `C` स्तंभातील संख्या त्या उपकरणाच्या व पद्धतीच्या क्षमतेवरून प्रयोगशाळेतील जबाबदार व्यक्तीनेच ठरवावी. मजकूर म्हणून ठेवलेल्या वाचनावर `ROUND`, बेरीज किंवा सरासरी लावण्यापूर्वी `VALUE(B2)` असे लिहून त्याची संख्या करून घेता येते.

नवीन शीट वापरात आणण्यापूर्वी तीत तीन वाचने घालून पाहावीत: ९.९९६२, ०.०५००३ आणि १२०४.६. पहिल्यात हातच्याचा दोष उघड होतो, दुसऱ्यात `TRUNC` ची चूक आणि तिसऱ्यात जास्तीचे शून्य. मग ती फाइल सीएसव्ही करून, बंद करून, ज्या संगणकावर अहवाल छापला जाणार आहे त्याच संगणकावर पुन्हा उघडावी.

पीएचची ओळ या सूत्रांमधून वगळावी. पीएच हा स्वतःच लॉगवर आधारलेला आकडा असल्यामुळे त्यात अचूकता दशांशचिन्हानंतरच्या अंकांत असते आणि ७.४० मधील ७ हा केवळ दहाचा घात दाखवतो. तीन सार्थ अंकांचे सूत्र ७.४० बरोबर लिहिते, पण सांडपाण्याच्या एखाद्या नमुन्याचा पीएच १०.४२ आला तर त्याचे १०.४ करून एक खरा अंक कापून टाकते. त्या ओळीसाठी उपकरणाला शोभतील तितकी ठराविक दशांशस्थळे, उदाहरणार्थ `TEXT(B9,"0.00")`, हाच योग्य उपाय आहे.